मागील पानावरून पुढे

जुन्या पद्धतीची खातेवही ज्यांनी पाहिली असेल त्यांना ठाऊक आहे की पान भरले की तळाशी बेरीज मांडतात, आणि पुढच्या पानाच्या डोक्यावर तोच आकडा पुन्हा लिहितात. शेजारी शब्द असतात, ‘मागील पानावरून पुढे’. ही एक ओळ गाळली तर वहीतले प्रत्येक पान बरोबर असते, पण वही चुकलेली असते.

प्रसंगांच्या माळेसारख्या कादंबरीचे तसेच होते. नायक घर सोडतो, एका गावात एक भानगड, दुसऱ्या गावात दुसरी, मग एक प्रेमप्रकरण, एक लढाई, एक तुरुंग. वाचताना मजा येते. पुस्तक मिटल्यावर प्रश्न पडतो, की आपण एक कादंबरी वाचली की एकाच माणसाच्या नावावर खपवलेल्या दहा गोष्टी? पुष्कळ वाचक या प्रश्नाला ‘मला तरी ते विस्कळीत वाटलं’ किंवा ‘मला तरी नाही वाटलं’ एवढेच उत्तर देतात. वाटणे खरे असते, पण ते तपासता येते. कसे, ते आमच्या भागाशी नाते असलेल्या एका पुस्तकावर करून पाहू.

फिलिप मेडोज टेलर हा नाव लावायला इंग्रज, पण त्याची सारी नोकरी निजामाच्या मुलखात झाली. जन्म 1808 चा, लिव्हरपूलचा. 1824 मध्ये, म्हणजे मिसरूड फुटायच्या वयात, तो हिंदुस्थानात आला आणि निजामाच्या फौजेत लागला. तुळजापूरकडे त्याने पोलिसाचे काम केले, हिंगोलीच्या छावणीत तो राहिला, आणि पुढे 1853 नंतर नळदुर्गला जिल्ह्याचा कारभार त्याच्या हाती आला. नळदुर्गचा किल्ला पाहायला जाणाऱ्या लातूरकरांना टेलरचे नाव तिथेच प्रथम कळते. त्याची पहिली कादंबरी ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ 1839 मध्ये लंडनला तीन खंडांत निघाली. अमीर अली नावाचा ठग पकडला गेला आहे, माफीचा साक्षीदार झाला आहे, आणि तुरुंगात बसून एका साहेबाला आपली जन्मकथा सांगतो आहे, अशी तिची बैठक. टेलर प्रस्तावनेत म्हणतो की असा एक माणूस त्याने खरोखर पाहिला होता आणि 719 खुनांत आपला हात असल्याचे त्याने कबूल केले होते. आकडा खरा की फुशारकीचा हे बाजूला ठेवू. कादंबरीकाराच्या दृष्टीने त्यातली अडचण पाहा. सातशे एकोणीस खून म्हणजे एकसारखे सातशे एकोणीस प्रसंग. त्यांची कादंबरी करायची कशी?

आमच्या लातूरच्या वाचनमंडळात हे पुस्तक एका पावसाळ्यात घेतले होते. सहा-सात माणसे, त्यांत एक निवृत्त शिक्षक, ज्यांना आम्ही सगळे सर म्हणतो. पहिल्याच बैठकीत दोन तट पडले. एक म्हणे, हे पुस्तक म्हणजे गोष्टींचे पोते आहे, तोंड सोडले की घरभर पसरेल. दुसरा म्हणे, नाही, शेवट वाचा. वाद तासभर चालला आणि कुठेच गेला नाही. तेव्हा सर म्हणाले, “भांडू नका, कागद आणा.” त्यांनी कोऱ्या कागदाच्या चिठ्ठ्या कापल्या आणि एका प्रसंगाला एक अशी वाटणी केली. प्रत्येक चिठ्ठीवर गोष्ट लिहायची नव्हती. या प्रसंगानंतर अमीर अलीला असे काय कळले जे आधी ठाऊक नव्हते, त्याचे असे काय गेले जे आता परत येणार नाही, आणि त्याच्याबद्दल दुसऱ्या कुणाला काय कळले, एवढेच लिहायचे. म्हणजे थोडक्यात पानाच्या तळाची बेरीज. ज्या चिठ्ठीवर काहीच लिहिता आले नाही ती कोरी ठेवायची.

कोऱ्या चिठ्ठ्यांबद्दल पुढे बोलू. आधी पुस्तकाची सुरुवात, कारण तिथे टेलरने एक फार मोठी रक्कम ठेवून दिली आहे.

अमीर अली लहान असताना आईबापांबरोबर प्रवासाला निघतो. वाटेत सोबतीला भली दिसणारी माणसे भेटतात. ती ठग असतात. आईबाप मारले जातात. गणेशा नावाचा जमादार पोरालाही संपवायला निघतो, पण इस्माईल नावाचा दुसरा जमादार त्याला वाचवतो आणि आपला मुलगा म्हणून वाढवतो. त्या आधीच्या आयुष्याची आठवण पोराच्या मनातून पुसली जाते. हे सगळे पहिल्या थोड्या पानांत होते. म्हणजे अमीर अली मोठा होऊन ठग बनतो, इस्माईलला बाप म्हणतो, त्याच्या शाबासकीसाठी जीव टाकतो, तेव्हा वाचकाला ठाऊक असते की हा आपल्या बापाच्या मारेकऱ्यांच्या पंगतीत बसला आहे. त्याला ठाऊक नसते.

यामुळे पुढच्या प्रत्येक खुनाला दोन बाजू येतात. सावकार मरतो तेव्हा आपण नुसता सावकार मरताना पाहत नाही. असाच एक कुटुंबवत्सल माणूस पहिल्या प्रकरणात मेला होता हे आपल्या डोक्यात असते. हे टेलर दर वेळी सांगत बसत नाही. सांगायची गरजच नाही. आपण वहीच्या पहिल्या पानावरचा आकडा घेऊनच पुढे चाललेलो असतो. सरांनी या जागी चिठ्ठ्यांच्या मागे एक रकाना वाढवायला लावला, ‘वाचकाला ठाऊक, नायकाला नाही’. गंमत अशी की पुढच्या बाजूने कोऱ्या असलेल्या कितीतरी चिठ्ठ्या या मागच्या रकान्यात भरल्या.

इथे थोडे थांबून एक जुना दाखला द्यायला हवा, कारण हा प्रश्न काही टेलरपासून सुरू झालेला नाही. ॲरिस्टॉटलने ‘पोएटिक्स’मध्ये दोन गोष्टी सांगून ठेवल्या आहेत. एक म्हणजे, सगळे प्रसंग एकाच माणसावर गुदरले एवढ्यावरून ते एक होत नाहीत. हेराक्लीस एक असला तरी त्याच्या पराक्रमांची गोष्ट आपोआप एक होत नसते. दुसरी कसोटी अशी की एखादा भाग काढला किंवा जागचा हलवला आणि काहीच बिघडले नाही, तर तो त्या वस्तूचा अवयव नव्हे. कसोटी नाटकासाठी होती आणि कादंबरीला ती जशीच्या तशी लावली तर निम्म्या चांगल्या कादंबऱ्या नापास होतील. आपल्याकडे दंडीच्या ‘दशकुमारचरिता’त राजपुत्र आणि त्याचे सोबती पांगतात, पुन्हा भेटतात आणि प्रत्येक जण आपली साहसे सांगतो. त्यातला मंत्रगुप्त तर ओठ दुखावलेले असल्यामुळे ओष्ठ्य अक्षरे टाळूनच बोलतो. या ग्रंथाची मूळ सुरुवात आणि शेवट हरवले, आणि नंतरच्या माणसांनी पूर्वपीठिका, उत्तरपीठिका जोडून दिल्या. जोडता आल्या, हेच बोलके आहे. मधल्या गोष्टी आपापल्या पायांवर उभ्या होत्या. चौकट दुसऱ्याने बसवली तरी त्यांना फरक पडला नाही. याचा अर्थ ग्रंथ वाईट असा मुळीच नाही. त्याची एकसंधता वेगळ्या जातीची आहे, सभेत बसलेल्या मित्रांसारखी. टेलरच्या पुस्तकाची पहिली पाच-पंचवीस पाने मात्र हरवली असती तर ती दुसऱ्या कुणाला अंदाजाने लिहिता आली नसती, आणि त्यांच्यावाचून शेवट नुसता योगायोग वाटला असता.

आता मधला ऐवज. ठगांच्या कामाला ठरलेली रीत होती आणि टेलर ती तपशिलाने दाखवतो. आधी शकुन पाहायचे. मग सोथा, म्हणजे गोड बोलून वाटसरूला सोबतीला घेणारा माणूस, पुढे जायचा. लुघाई म्हणजे खड्डे खणणारे, ते आधीच जागेवर पोहोचायचे. प्रत्येक सावजामागे एक भुट्टोट, म्हणजे रुमाल टाकणारा, बसायचा. मग झिरणी, म्हणजे इशारा. तो बहुधा तंबाखू आणा, पाणी आणा असल्या साध्या वाक्यात असे. नंतर प्रेते पुरायची, कुदळीची पूजा करायची आणि तुपोनीचा गूळ खायचा. ज्याने हा गूळ एकदा चाखला तो पुन्हा साधा माणूस राहत नाही, अशी त्यांची समजूत होती.

मंडळात कुणी तक्रार केली की हे तेच ते आहे. आहेच. पण भारूड किंवा ओवी ऐकताना चाल तीच असते म्हणून आपण कंटाळत नाही, चालीत कुठे फरक पडतो तिकडे कान लावतो. टेलरची रीत तशी चालते. पहिल्यांदा सगळी रीत पूर्ण येते, कारण आपल्याला ती शिकायची आहे. अमीर अलीही तेव्हा शिकतोच आहे, आधी नुसता पाहतो, मग हात लावतो. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी अर्धी रीत दोन वाक्यांत उरकली जाते. आणि मग चूक यायला लागते. बाईला मारायचे नाही हा जुन्या ठगांचा नेम. तो मोडला जातो. शकुन नीट नसताना पुढे जातात. रीत पाठ असल्यामुळे ती मोडली की वाचक दचकतो, आणि टोळीतले जुनेजाणते नंतरच्या संकटांचे खापर याच मोडलेल्या नेमांवर फोडतात. तेव्हा एकसारखेपणा हा या पुस्तकाचा दोष नव्हे. बिघाड मोजायची ती पट्टी आहे.

याची परीक्षा आम्ही चिठ्ठ्या पिसून घेतली. सुरुवातीच्या मोहिमांतल्या दोन-तीन चिठ्ठ्यांची अदलाबदल केली, तर खरे सांगायचे म्हणजे फारसे काही बिघडले नाही. उत्तरार्धातली एखादी चिठ्ठी उचलून पूर्वार्धात घातली तेव्हा मात्र ताबडतोब खटकले. घटनांच्या साखळीमुळे नव्हे, माणसामुळे. सुरुवातीचा अमीर अली कौतुकाला हपापलेला आहे, पहिल्या खुनाआधी त्याचा जीव खालीवर होतो. नंतरचा अमीर अली आपल्या कसबाबद्दल कारागिरासारखा बोलतो, आणि अजून पुढचा थकून, सवयीने मारतो. प्रसंगांची ठिकाणे बदलता येतात, वय बदलता येत नाही. सैल बांधणीच्या कादंबरीत एवढेही पुरेसे असते. जिथे उत्तरार्धातला नायक पूर्वार्धात बिनबोभाट बसतो तिथे मात्र खुशाल समजावे की लेखक पाने भरतो आहे.

मग आम्ही चिठ्ठ्या काढून पाहायला लागलो. जोहरा नावाची नाचणारी मुलगी अमीर अलीला भेटते, त्याचा जीव तिच्यावर जडतो, आणि हैदराबादेत ती त्याच्या हातून सुटते. ही चिठ्ठी काढली तर कथानक चालू राहते, कारण लवकरच अजीमा येते आणि ती त्याची बायको होते. एकीला दुसरीत मिळवून टाकता आले असते असे मला अजूनही वाटते. शरफून नावाची बाई त्याच्या मागे लागते आणि शेवटी मारली जाते. ती चिठ्ठी आम्ही काढून पाहिली आणि लगेच परत ठेवली. बाईला मारायचे नाही हा नेम तिथे जवळच्या माणसाच्या बाबतीत मोडतो, आणि त्यानंतर अमीर अलीची ‘मी फक्त भवानीने दिलेले सावज घेतो’ ही भाषा पोकळ ऐकू येऊ लागते.

मोठे भांडण पेंढाऱ्यांवरून झाले. कादंबरीच्या मध्यात अमीर अली थोड्या साथीदारांसह चितू पेंढाऱ्याच्या फौजेत शिरतो. घोडदौड, लूट, जाळपोळ. हा भाग लांबलचक आहे आणि त्यात रुमाल जवळजवळ दिसत नाही. सगळा काढून टाकला तर पुढच्या घटनांना धक्का लागत नाही. ॲरिस्टॉटलच्या हिशेबाने तो गळू आहे. माझेही मत सुरुवातीला तेच होते. सरांचे म्हणणे वेगळे होते. ते म्हणाले, “ठगाला माणूस म्हणून कुणाशी ताडून पाहणार? साहेबाशी? साहेब तर त्याच्याकडे पिंजऱ्यातला वाघ बघावा तसं बघतोय.” मुद्दा खरा आहे. पेंढारी उघड्यावर छळ करून लुटतात, त्यांत गफूर खानासारखा क्रूर माणूस आहे, आणि अमीर अलीला त्याची किळस येते. ज्याने शेकडो माणसे मारली त्याला दुसऱ्याच्या क्रौर्याचा संताप येतो, आणि तो संताप खोटा नसतो. इथे आपल्याला कळते की या माणसाला नीती नाही असे नाही. नीती आहे, फक्त तिच्या कुंपणाबाहेर त्याचे स्वतःचे खून राहतात. पुढे सगळे त्याच्या अंगावर कोसळते तेव्हा हे कळलेले असावे लागते. तेव्हा हा भाग अवयव आहे, पण सुजलेला. अर्ध्या पानांत त्याचे काम झाले असते. ‘एकसंध आहे की नाही’ या प्रश्नाला असे अर्धवट उत्तरही असू शकते, आणि ते द्यायला लाजू नये.

वहीची बाकी चुकती होते ती झालोनच्या प्रकरणात. म्हणजे बुंदेलखंडातले जालौन. ज्या राजाच्या आसऱ्याने टोळी निर्धास्त असते तोच उलटतो. इस्माईलला हत्तीच्या पायाशी देतात. त्याच्या मरणाच्या वेळी अमीर अलीला कळते की हा आपला बाप नव्हता. अमीर अलीच्या कपाळावर डाग देऊन त्याला हाकलतात. आणि अजीमाला, जिला आपला नवरा काय करतो याचा पत्ता नव्हता, तो पत्ता लागतो आणि त्या धक्क्यानेच ती जाते.

या एका प्रसंगात किती चिठ्ठ्यांवरच्या रकमा येऊन पडतात ते पाहा. इस्माईलने पोराला वाचवले ती चिठ्ठी. अजीमाशी लग्न केले आणि तिला खरे सांगितले नाही ती. घरी परत येऊन बाजारहाट करणाऱ्या सभ्य माणसासारखा वागला त्या सगळ्या कोऱ्या वाटलेल्या चिठ्ठ्या. त्या कोऱ्या नव्हत्याच. अजीमाला ‘कळले नाही’ ही त्यांची नोंद होती आणि आम्ही ती लिहायला विसरलो होतो. प्रसंगमालेच्या कादंबरीत वाचकाची सगळ्यात जास्त फसगत इथे होते. काय घडले ते आपण टिपतो, कुणाला काय कळायचे राहिले ते टिपत नाही.

शेवटाबद्दल मात्र मी मंडळात अल्पमतात होतो आणि आजही आहे. उत्तरार्धात अमीर अली एका बाईचा खून करतो. ती त्याची सख्खी बहीण असते, आणि तिच्या गळ्यातल्या जुन्या नाण्यावरून हे नंतर उघड होते. गणेशा पहिल्या प्रकरणातही आहे आणि इथेही. अमीर अली साक्षीदार होऊन गणेशाला फासावर पोहोचवतो. टेलरने हे नाणे सुरुवातीलाच पेरून ठेवले आहे, त्यामुळे फसवणुकीचा आरोप त्याच्यावर करता येत नाही. पण पेरलेले असणे आणि उगवलेले असणे यात फरक आहे. झालोनचा शेवट अमीर अलीच्या स्वतःच्या वागण्यातून येतो: तो लपवत होता, ते उघडे पडले. बहिणीचा शेवट येतो तो एवढ्या मोठ्या मुलखात नेमकी तीच बाई त्याच रस्त्याला लागल्यामुळे. पुस्तकाला एकसंध करण्यासाठी मारलेली ही गाठ मला हाताने मारलेली दिसते. विस्कळीत पुस्तकाचा लेखक बहुधा शेवटी घाबरतो आणि असा एखादा ताईत, जन्मखूण, हरवलेला भाऊ काढतो. म्हणून सैल कादंबरीचा शेवट फार घट्ट असेल तर मी आधी मधली पाने पुन्हा चाळतो. ‘कन्फेशन्स’च्या बाबतीत मधली पाने उभी राहतात, गाठ नसती तरी पुस्तक सुटले नसते. सरांचे म्हणणे, बहीण मारल्यावाचून ठगाला ‘सावज’ या शब्दाचा अर्थ कळला नसता. त्यावर मी म्हटले, सर, त्याला तो नाणे पाहूनही कळलेला दिसत नाही. साहेबाला सांगताना तो रडतो आणि पुढच्या मोहिमेची आठवण निघाली की त्याचे डोळे चमकतात. आणि ते तसे चमकतात म्हणूनच मी या पुस्तकाला एक मानतो. सगळे भोगून, सगळे कळून, सांगणारा माणूस पहिल्या पानावरही तोच आणि शेवटच्या पानावरही तोच, हे साहेबाच्या मधूनमधून येणाऱ्या शेऱ्यांमुळे दिसत राहते. तुरुंगातली ती कोठडी पुस्तकाची नुसती चौकट नव्हे.

याच कोठडीमुळे एक सावधगिरीही बाळगावी लागते. बोलणारा माफीचा साक्षीदार आहे. त्याची मान त्याच्या बोलण्यावर टांगली आहे. अशा माणसाची जन्मकथा जरा जास्तच सुबक असेल तर तो सुबकपणा कुणासाठी, हा प्रश्न इतिहासकार ठगांच्या साऱ्या कबुल्यांबद्दल विचारत आले आहेत: टोळ्या होत्या हे खरे, पण सगळ्या देशभर पसरलेला एक संप्रदाय, एक बोली, एक देवी, हा आराखडा किती ठगांचा आणि किती लिहून घेणाऱ्या साहेबांचा? कादंबरीची एकसंधता हा गुण, कबुलीजबाबाची एकसंधता हा संशय. टेलरच्या हातात दोन्ही एकाच कागदावर होते.

आणि त्या कागदाची सावली लातूरपर्यंत येते. ठगांच्या बंदोबस्तातून ‘जन्माने गुन्हेगार’ ही कल्पना पक्की होत गेली आणि 1871 च्या कायद्याने कित्येक जमातींवर तो शिक्का बसला. त्या शिक्क्याखालचे आयुष्य लातूरजवळच्या धनेगावच्या लक्ष्मण गायकवाडांनी ‘उचल्या’त लिहिले. 1987 चे पुस्तक, पुढच्याच वर्षी साहित्य अकादमी पुरस्कार. ती कादंबरी नव्हे, आत्मकथन. आम्ही त्यावरही चिठ्ठ्या करून पाहिल्या. जमले नाही. प्रसंग सुटे आहेत, आणि पोलीस, भूक व शाळा हे तीन शब्द जवळजवळ प्रत्येक चिठ्ठीवर येतात; काढायला गेले की सगळ्याच काढाव्या लागतात. जगलेल्या आयुष्याला कुणी गाठ मारून देत नाही, आणि तिथे ती शोधणे हा वाचकाचा अगोचरपणा होतो. नांदेडच्या नरहर कुरुंदकरांनी मराठी कादंबरीवरच्या आपल्या पुस्तकाला ‘धार आणि काठ’ असे नाव दिले होते. मी त्यांचे फक्त शब्द उसने घेतो, अर्थ माझा: ‘उचल्या’ला काठ नाहीत, धार आहे. टेलरने काठ बांधले आहेत.

शेवटची परीक्षा चिठ्ठी घालून पाहण्याची. ती करायला टेलरनेच सोय करून ठेवली आहे. प्रस्तावनेत तो हिंगोलीची एक हकीकत सांगतो. हरिसिंग नावाचा व्यापारी छावणीत प्रतिष्ठित होता. टेलरचाही त्याच्याशी व्यवहार. एकदा त्याने मुंबईहून कापड आणण्यासाठी कॅप्टन रेनॉल्ड्सकडे परवाना मागितला आणि तो मिळाला. कापड वाटेवर आहे, बरोबर मालक आहे, आणि मालक हिंगोलीजवळच्याच एका गावचा व्यापारी आहे, हे त्याला ठाऊक होते. त्याने तो मालक, त्याची माणसे आणि गुरे हाकणारे, सगळे मारले, आणि परवाना दाखवून तेच कापड छावणीत आणून उघड विकले. पुढे तो पकडला जाऊन स्वतः बोलला म्हणून कळले. बाजारात, पहाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर त्याच्या टोळीने माणसे मारली होती. ती पुरलेली जागा उकरली तेव्हा टेलर तिथे उभा होता.

एवढी झणझणीत गोष्ट, डोळ्यांनी पाहिलेली, आपल्या छावणीतली. टेलरने ती प्रस्तावनेतच ठेवली. आम्ही तिची चिठ्ठी केली आणि अमीर अलीच्या नावावर कुठे बसते ते पाहू लागलो. हैदराबादेच्या आधी घातली तर अमीर अली फार लवकर बेरड होतो. पेंढाऱ्यांनंतर घातली तर त्याच्या घरच्या सभ्यपणाची जागा हरिसिंगाचे दुकान अडवते, आणि अजीमाच्या अज्ञानाचा घाव बोथट होतो, कारण फसलेल्या माणसांत आता सारी छावणी आली. झालोननंतर तर कपाळावर डाग असलेल्या माणसाला परवाना देणार कोण? सर चिठ्ठी या दोन कागदांमधून त्या दोन कागदांमध्ये सरकवत राहिले. सतरंजीवर कुठेच तिला जागा झाली नाही. शेवटी त्यांनी ती घडी करून प्रस्तावनेच्या पानात घातली आणि चहा मागवला.